निगेटिव्ह पुन्हा स्कॅन करून घेताना

लग्नाचा जुना रोल लॅबमधून स्कॅन होऊन येतो, मोबाइलवर छान दिसतो. पण १२ बाय १८ इंचांची प्रिंट काढली की चेहरे मऊ पडतात आणि शालूवर पांढरे ठिपके उमटतात. निगेटिव्हवरची धूळ प्रकाश अडवते, म्हणून ती फोटोत पांढरी दिसते.

अशा वेळी लॅबला नुसतं ‘चांगलं स्कॅन करा’ असं लिहून भागत नाही. आकडा द्यावा लागतो. ३५ मिमीची फ्रेम ३६ मिमी रुंद असते. ४००० डीपीआयला तिचे सुमारे ५६०० पिक्सेल होतात आणि १८ इंचांच्या प्रिंटला ३०० डीपीआयने ५४०० लागतात. ईमेल असा असावा:

‘रोल क्रमांक २, फ्रेम १२ आणि १२ए, कलर निगेटिव्ह. कृपया ४००० डीपीआयला पुन्हा स्कॅन करावे. आधी ब्लोअरने धूळ काढून इन्फ्रारेड क्लीनिंग चालू ठेवावे. १६ बिट टिफ फाइल हवी. जुनी फाइल मोठी करून पाठवू नये. खर्च आधी कळवावा.’

फ्रेमचे क्रमांक फिल्मच्या कडेला छापलेले असतात, तेच द्या.

फिल्म कृष्णधवल असेल तर इन्फ्रारेडचं वाक्य गाळा. तिच्यातली चांदीच ते किरण अडवते, त्यामुळे यंत्र चित्रालाच धूळ समजून तपशील पुसतं. तिथे ‘ठिपके हातानेच काढावेत’ असं स्पष्ट लिहा आणि जुनी फाइल जपून ठेवा. नव्या फाइलशी ताडून पाहायला तीच लागते.