पुलाचा ताण मोजणारा काचतंतू

फायबर ब्रॅग ग्रेटिंग म्हणजे प्रकाशतंतूच्या गाभ्यात कोरलेली अतिशय बारीक पट्ट्यांची रांग. बाहेरचा प्लास्टिकचा लेप वगळला तर तंतूची जाडी 125 मायक्रॉन असते आणि प्रकाश वाहून नेणारा गाभा जेमतेम 9 मायक्रॉनचा. या गाभ्यात जर्मेनियम मिसळलेले असते. अशा काचेवर तीव्र अतिनील प्रकाश पडला, की तेवढ्या जागेचा अपवर्तनांक किंचित वाढतो आणि तसाच टिकून राहतो. हा गुण 1978 साली कॅनडात ओटावा येथील प्रयोगशाळेत केन हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आला. आज मात्र तंतूवर बाजूने अतिनील प्रकाशाचे उजेड-अंधाराचे पट्टे पाडून ग्रेटिंग तयार करतात.

दोन पट्ट्यांमधले अंतर साधारण अर्धा मायक्रॉन. म्हणजे एक सेंटिमीटर लांबीच्या ग्रेटिंगमध्ये अठरा-एकोणीस हजार पट्ट्या मावतात. प्रत्येक पट्टीवरून परतणारा प्रकाश नगण्य असतो. पण एका विशिष्ट तरंगलांबीसाठी या सगळ्या परतलाटा एकमेकींच्या तालात येतात, त्यांची बेरीज होते आणि तो प्रकाश ठळकपणे मागे फिरतो. इतर तरंगलांबी जणू काही आड आलेच नाही अशा पुढे निघून जातात. नियम सोपा आहे: परतणारी तरंगलांबी म्हणजे अपवर्तनांक आणि पट्ट्यांमधले अंतर यांच्या गुणाकाराची दुप्पट. अपवर्तनांक 1.447 आणि अंतर 0.536 मायक्रॉन घेतले, तर उत्तर सुमारे 1551 नॅनोमीटर येते. परतणारा पट्टा एका नॅनोमीटरच्या काही दशांश भागाएवढाच रुंद असतो. त्याचे शिखर थोडेसे सरकले तरी ते ओळखता येते, ते या अरुंदपणामुळे.

तंतू ताणला की पट्ट्यांमधले अंतर वाढते आणि शिखर लांब तरंगलांबीकडे सरकते. त्याच वेळी ताणलेल्या काचेचा अपवर्तनांक थोडा घटतो, त्यामुळे अपेक्षित सरकण्यातला सुमारे 22 टक्के भाग वजा होतो. हिशेबाअंती 1550 नॅनोमीटरच्या आसपास एका मायक्रोस्ट्रेनला शिखर 1.2 पिकोमीटर सरकते. मायक्रोस्ट्रेन म्हणजे एक मीटर लांबीत एक मायक्रॉनची वाढ. मोजणी तरंगलांबीची होते, प्रकाशाच्या तीव्रतेची नव्हे. म्हणून वाटेत केबल वाकली किंवा जोडावर थोडा प्रकाश वाया गेला, तरी आकडा सहसा बिघडत नाही. या पद्धतीचे खरे बळ इथेच आहे.

मोठी अडचण तापमानाची. मोकळ्या तंतूचे शिखर एका अंश सेल्सिअसला सुमारे 10 पिकोमीटर सरकते, आणि शिखराकडे पाहून हे सरकणे उष्णतेचे की ताणाचे हे सांगता येत नाही. समजा, पुलाच्या पोलादी तुळईवर एक ग्रेटिंग चिकटवले आहे आणि शेजारीच दुसरे नळीत मोकळे ठेवले आहे. पहाटेपासून दुपारपर्यंत चिकटवलेल्याचे शिखर 360 पिकोमीटर सरकले, मोकळ्याचे 100. म्हणजे तापमान 10 अंशांनी वाढले. पण पोलाद तापून स्वतःही प्रसरण पावते आणि चिकटलेल्या तंतूला बरोबर ओढते. त्यामुळे या ग्रेटिंगसाठी दर अंशाला 24 पिकोमीटर धरावे लागतात. 10 अंशांचे झाले 240. उरले 120 पिकोमीटर, म्हणजेच 100 मायक्रोस्ट्रेन. पोलादाच्या बाबतीत याचा अर्थ सुमारे 20 मेगापास्कल ताण. तापमान वजा केले नसते, तर हाच आकडा तिप्पट दिसला असता.

दुसरा दगाफटका डिंकाचा. ग्रेटिंगच्या एका टोकाशी गोंद घट्ट आणि दुसऱ्या टोकाशी पोकळ बसला, तर पट्ट्या सगळीकडे सारख्या ताणल्या जात नाहीत. मग परतणारा पट्टा रुंदावतो, कधी त्याला दोन शिखरे फुटतात. फक्त शिखराचा आकडा देणारे यंत्र अशा वेळी एका शिखरावरून दुसऱ्यावर उडी मारते, आणि पुलाला अचानक धक्का बसल्यासारखे वाटते. म्हणून ग्रेटिंग चिकटवण्याआधी आणि गोंद वाळल्यानंतर पूर्ण वर्णपट नोंदवून ठेवावा. शंका आल्यास त्याच्याशी ताडून पाहता येते.

एकाच तंतूवर अनेक ग्रेटिंग ओळीने कोरता येतात. फक्त प्रत्येकाची तरंगलांबी वेगळी हवी. एखादे ग्रेटिंग 1000 मायक्रोस्ट्रेन ताणले किंवा दाबले जाणार असेल, तर त्याचे शिखर दोन्ही बाजूंना 1.2 नॅनोमीटर सरकू शकते. तापमानासाठीही जागा सोडली, तर प्रत्येकाला तीन-चार नॅनोमीटर राखून ठेवावे लागतात. यंत्राचा पल्ला 1530 ते 1570 नॅनोमीटर असेल, तर एका तंतूवर दहा-बारा ग्रेटिंग बसतात. कॅनडातल्या कॅल्गरी शहरात 1993 साली खुल्या झालेल्या बेडिंग्टन ट्रेल पुलात असे संवेदक काँक्रीटच्या तुळयांत बांधकामाच्या वेळीच गाडले गेले. कार्बन तंतूंच्या नव्या ताणतारा दीर्घकाळ आपला ताण टिकवतात का, हे त्यांवरून पाहायचे होते.