शिपाईमामांना निरोप देताना

महाराष्ट्र शासनातले गट-ड कर्मचारी वयाच्या ६०व्या वर्षी, महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतात. त्या दिवशीच्या निरोपपत्रात ‘प्रामाणिक, कष्टाळू, मनमिळाऊ’ ही विशेषणं हमखास येतात. ती कुणालाही चिकटवता येतात, म्हणून माणूस हरवतो. ‘लहान पदावर असूनही’ हे शब्द तर कौतुकाच्या ओघात अपमान करून जातात.

त्याऐवजी सहकाऱ्यांना आधीच विचारावं: मामांचं कोणतं काम तुम्हाला आठवतं? वर ‘श्री.’ लावून पूर्ण नाव आणि पदनाम लिहावं. मजकुरात रोजचं ‘मामा’ शोभतं. उदाहरणार्थ:

‘मामा, अभिलेख कक्षातला कोणता गठ्ठा कोणत्या फळीवर आहे, हे तुम्ही नोंदवही न उघडता सांगत होता. टपालवहीत पोच घेतल्याशिवाय तुम्ही परतला नाहीत. आम्ही नव्यानं रुजू झालो, तेव्हा फाईल कोणत्या टेबलावरून कुठे जाते, हे तुम्हीच शिकवलंत. तुमच्या निवृत्तिवेतनाच्या कागदांचा पाठपुरावा आता आम्ही करू.’

यात एकही विशेषण नाही, तरी आदर पुरेपूर आहे. मात्र शेवटचं वचन पाळणार असाल, तरच लिहा.