फोटो बूथची फ्रेम: पारदर्शक खिडकी आणि अचूक माप

स्नेहसंमेलनाच्या फोटो बूथसाठी फ्रेम बनवताना आधी खिडकीचे माप ठरवा, सजावट नंतर करा.

समजा, ६ × ४ इंची आडवी प्रिंट द्यायची आहे. ३०० डीपीआयला तिचे माप १८०० × १२०० पिक्सेल होते. डीएसएलआरचा फोटो सहसा ३:२ प्रमाणात असतो, म्हणून खिडकीही त्याच प्रमाणात, १५०० × १००० ठेवा. दोन्ही बाजूंना १५०, वर ६० आणि खाली १४० पिक्सेल उरतात. खालच्या पट्टीत कार्यक्रमाचे नाव येईल. मोबाइलचा ४:३ फोटो याच खिडकीत रुंदीने बसवला, तर त्याची उंची ११२५ होते. जास्तीचे १२५ पिक्सेल फ्रेमखाली झाकले जातात आणि मागच्या रांगेतल्यांची डोकी दिसत नाहीत.

गिंपमध्ये सजावट पूर्ण झाल्यावर `Merge Visible Layers` ने सर्व लेयर एकत्र करा. मग `Add Alpha Channel` निवडा, खिडकीएवढा आयत सिलेक्ट करा आणि `Delete` दाबा. तिथे राखाडी चौकटी दिसल्या, तर भाग पारदर्शक झाला. सपाट रंग दिसला, तर अल्फा चॅनेल जोडायचे राहिले आहे.

फाइल पीएनजीमध्येच एक्स्पोर्ट करा, कारण जेपीजीमध्ये पारदर्शकता टिकत नाही. कार्यक्रमाआधी एक प्रिंट काढून पाहा. बॉर्डरलेस छपाईत कडा थोडी कापली जाते, म्हणून अक्षरे कडेपासून निदान ४० पिक्सेल आत ठेवा.