एक बिल टूबीत दिसत नाही
(लेखमाला : दुकानदाराचा जीएसटी)

बेडसे लेण्यांच्या पायथ्यापासून पवना धरणाच्या काठापर्यंत गेल्या काही वर्षांत कॅम्पच कॅम्प उभे राहिले आहेत. या कॅम्पना तंबूंचे लोखंडी सांगाडे करून देणारा बेडशातला एक फॅब्रिकेटर कल्पू. मे २०२५ मध्ये त्याने तळेगावच्या एका व्यापाऱ्याकडून दोन लाखांचे पाइप घेतले. वर १८ टक्के कर, म्हणजे ३६ हजार. सगळे पैसे चुकते केले, छापील बिलही फाइलला लावलं.

१४ जूनला पोर्टलवर मे महिन्याचा जीएसटीआर-२बी तयार झाला. त्यात हे बिल नव्हतं. विक्रेत्याने आपल्या जीएसटीआर-१ मध्ये बिल दाखवलं आणि ते खरेदीदाराच्या टूबीत उतरलं, तरच त्या कराचं क्रेडिट मिळतं. १ जानेवारी २०२२ पासून कायद्याच्या कलम १६(२)(एए) मध्ये ही अट आहे. हातातलं छापील बिल त्यासाठी पुरत नाही. त्यामुळे २० जूनचं रिटर्न भरताना फॅब्रिकेटरला ते ३६ हजार पुन्हा खिशातून घालावे लागले.

अशा वेळी बहुतेक जण व्यापाऱ्याला फोन करतात आणि ‘टाकतो, टाकतो’ हे उत्तर ऐकून फोन ठेवतात. त्याआधी पोर्टलवर विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक टाकून त्याने मेचा जीएसटीआर-१ भरला आहे का, एवढं पाहावं. लॉगिन न करताही ते दिसतं.

भरलाच नसेल, तर विक्रेता तिमाही रिटर्नवाला असण्याची शक्यता आहे. अशा व्यापाऱ्याला पहिल्या दोन महिन्यांची बिलं आयएफएफ नावाच्या सोयीने १३ तारखेपर्यंत चढवता येतात, पण ती सक्ती नाही. मग मेचं बिल जुलैच्या १३ तारखेपर्यंत भरायच्या तिमाही रिटर्नमध्ये येईल आणि १४ जुलैच्या टूबीत दिसेल. इथे भांडण नाही, महिनाभराची वाट आहे.

रिटर्न भरलेलं असूनही बिल नसेल, तर ते राहून तरी गेलं, बी-टू-सी म्हणजे किरकोळ विक्रीत तरी पडलं, किंवा दुसऱ्याच कुणाच्या क्रमांकावर चढलं. राहिलेलं बिल विक्रेता पुढच्या महिन्याच्या जीएसटीआर-१ मध्ये घालू शकतो; चुकीच्या जागी पडलेलं त्याच रिटर्नमध्ये दुरुस्त करू शकतो.

म्हणून स्मरणपत्र नेमकं हवं. उदाहरणार्थ : ‘सप्रेम नमस्कार. आपले बिल क्र. ११८, दि. ९ मे २०२५, करपात्र रक्कम २,००,००० रुपये, सीजीएसटी १८,००० व एसजीएसटी १८,००० रुपये, आमच्या मेच्या टूबीत आलेले नाही. आपला जीएसटीआर-१ भरलेला दिसतो. बिल बी-टू-सीत किंवा अन्य क्रमांकावर गेले आहे का, ते कृपया तपासावे. आमचा क्रमांक खाली दिला आहे. ११ जुलैपूर्वी दुरुस्ती करून रिटर्नचा एआरएन कळवावा.’ ते ईमेलने पाठवावं, म्हणजे तारीख राहते. पुढच्या खरेदीच्या ऑर्डरमध्येच ‘बिल टूबीत दिसल्यावर कराची रक्कम देऊ’ अशी अट लिहून घेता येते.

घाई करायचं कारण आहे. २०२५-२६ च्या बिलाचं क्रेडिट ३० नोव्हेंबर २०२६ पर्यंतच घेता येतं. वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं, तर तिथेच मुदत संपते. विक्रेत्याच्या दुरुस्तीलाही हीच चौकट आहे.

मुदत उलटल्यावर काय होतं, हे स्टार इंजिनिअर्स या कंपनीच्या प्रकरणात दिसलं. बजाज ऑटोने मागवलेला माल तिने बजाजच्या सांगण्यावरून तिसऱ्याच कंपन्यांकडे पोचवला आणि जीएसटीआर-१ मध्ये बजाजऐवजी त्या कंपन्यांचे क्रमांक टाकले. बजाजचं क्रेडिट अडकलं. चूक ध्यानात आली तेव्हा मुदत संपली होती आणि खात्याने दुरुस्ती नाकारली. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती करू दिली : चूक प्रामाणिक होती आणि सरकारचा महसूल बुडाला नव्हता.

महसूल बुडाला असता, तर? व्हॅटच्या काळात कोल्हापूरच्या महालक्ष्मी कॉटन जिनिंगच्या खटल्यात हाच प्रश्न होता. विक्रेत्याकडून कर तिजोरीत जमा झाला असेल, तेवढ्यापुरताच खरेदीदाराला सेट-ऑफ, ही कायद्यातली अट २०१२ मध्ये याच न्यायालयाने वैध ठरवली. जीएसटीतही विक्रेत्याने कर प्रत्यक्ष भरण्याची अट आहेच.

पुढील भागात : बिल टूबीत आलं, पण विक्रेत्याने जीएसटीआर-३बी भरलाच नाही. अशा वेळी घेतलेलं क्रेडिट परत करायला लावणारा नियम ३७ए.