सफरीत फोन चार्ज करताना

आमच्या फुफी यंदा उमरा करून आल्या तेव्हा जमजम आणि खजुरांसोबत एक किस्साही घेऊन आल्या. मदिनेच्या हॉटेलात पोहोचल्या तेव्हा फोनची बॅटरी संपत आली होती. रियाजुल जन्नाची परवानगी नुसुक अॅपमध्ये, म्हणजे फोनमध्येच, आणि वेळ दुसऱ्या दिवशी सकाळची. चार्जर काढला, तर तो भिंतीत बसेना. सौदीतल्या सॉकेटला तीन चपट्या पिना लागतात, आपल्या गोल पिना तिथे जात नाहीत. मग टीव्हीच्या मागे यूएसबीचे तोंड दिसले, त्यात नुसती केबल लावली. पडद्यावर प्रश्न आला: Allow access to phone data? "चार्जिंगसाठी हो म्हणावं लागत असेल," म्हणून बोट पुढे गेले होते. पण नीट कळेना, म्हणून त्यांनी आधी मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "अम्मी, नको दाबूस. केबल काढ."

चार्जिंगला कधीच कोणाची परवानगी लागत नाही. इथे गोंधळ होतो तो केबलमुळे. जुन्या, चौकोनी तोंडाच्या यूएसबी केबलमध्ये डोकावून पाहा, चार पट्ट्या दिसतील. कडेच्या दोन वीज नेतात, मधल्या दोन माहिती. फोन चार्ज व्हायला कडेच्या दोन पुरतात, पण एकच केबल दोन्ही कामे करते. समोर नुसती वीज असेल तर फोन मुकाट्याने चार्ज होतो. त्याने परवानगी मागितली, तर पलीकडे एखादा कॉम्प्युटर आहे. तो चोराचाच असेल असे नाही. फुफींच्या खोलीतला टीव्ही फोनमधले फोटो दाखवू शकणारा साधा टीव्ही होता. पण "हो" म्हटले असते, तर पलीकडे कोण आहे हे न पाहताच दार उघडले गेले असते. आयफोनवर हाच प्रश्न Trust This Computer? असा येतो.

या चोरीला इंग्रजीत 'ज्यूस जॅकिंग' म्हणतात. हे नाव 2011 मध्ये पुढे आले. अमेरिकेत हॅकर मंडळींच्या डेफकॉन या संमेलनात काहींनी मुद्दाम फुकट चार्जिंगचा खोका ठेवला होता. फोन लावला की इशारा झळके. आपल्या रिझर्व्ह बँकेनेही 2022 च्या सावधगिरीच्या पुस्तिकेत या प्रकाराची नोंद घेतली. तरीही खरे सांगायचे तर, विमानतळावर किंवा स्टेशनवर अशा रीतीने सामान्य माणूस लुटला गेल्याची सिद्ध झालेली उदाहरणे जवळजवळ सापडत नाहीत. ओटीपी विचारणारा फोन आपल्या घरांना याहून कितीतरी जास्त नागवतो. व्हॉट्सअॅपवर फिरणारे भीतीदायक संदेश म्हणूनच आम्ही पुढे पाठवत नाही.

मात्र हा धोका कल्पनेतला नाही. ऑस्ट्रियातील ग्राझच्या तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी 2025 मध्ये दाखवून दिले, की बनावट चार्जर स्वतःच कीबोर्ड असल्याचे सोंग करून परवानगीचे बटण तुमच्या वतीने दाबू शकतो. अॅपल आणि गूगलने त्यावर बंदोबस्त केला, पण तो नव्या अपडेटमधूनच मिळतो. जुना, अपडेट बंद झालेला फोन घेऊन जाणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. केबलचेही तसेच. दिसायला साधी, पण तोंडात बारीक चिप बसवलेली केबल बाजारात विकली जाते आणि नजरेने ती ओळखता येत नाही. स्टेशनवर कोणी विसरलेली केबल उचलू नये, अनोळखी माणसाने देऊ केलेली असेल तर शुक्रिया म्हणून परत करावी.

उपाय मात्र स्वस्त आहे. आपला चार्जर आणि आपली केबल थेट विजेच्या सॉकेटमध्ये लावली, की प्रश्नच मिटतो. विजेच्या सॉकेटमधून माहिती जात नाही. सौदीला जाणाऱ्यांनी तिथल्या तीन चपट्या पिनांचा कन्व्हर्टर इथूनच घ्यावा. तो नसल्यामुळेच माणसे बसमधली आणि पलंगाशेजारची यूएसबीची तोंडे शोधत फिरतात. पॉवर बँक असेल तर उत्तमच, फक्त ती हातातल्या बॅगेत ठेवावी लागते, विमानात जमा करायच्या सामानात चालत नाही. 20,000 एमएएचची पॉवर बँक म्हणजे साधारण 74 वॅट-तास. विमानात 100 पर्यंतची सहसा चालते.

अगदीच नाइलाज झाला आणि यूएसबीचेच तोंड हाती असेल, तर फोन पूर्ण बंद करून लावावा. काही फोन वीज लागताच आपोआप सुरू होतात, पण पिन टाकेपर्यंत आतली माहिती कुलूपबंद राहते. म्हणून चार्जिंग चालू असताना पिन टाकू नये, मेसेज पाहायचा मोह झाला तरी.

त्या रात्री हॉटेलच्या काउंटरवरून फुफींनी कन्व्हर्टर मागून घेतला, आणि सकाळी फोन भरलेला होता. आता तो कन्व्हर्टर त्यांच्या घरी नाही. पुढच्या काफिल्यातल्या शेजारणीसाठी त्यांनी स्वतः दुसरा विकत घेऊन ठेवला आहे.