चेहऱ्याचा रंग मानेला विचारा

धोक्याच्या दृश्यात गाडी चालवतो स्टंटमन, पण पडद्यावर दिसतो नायक. नायकाचा चेहरा नंतर संगणकावर स्टंटमनच्या डोक्यावर बसवलेला असतो. चेहरा नेमका बसला तरी पुष्कळदा तो चिकटवल्यासारखा वाटतो, कारण जबड्याखाली रंग बदलतो. हा फरक पकडायला कलरिस्ट व्हेक्टरस्कोप वापरतात.

व्हेक्टरस्कोप ही पडद्यावरची एक गोल तबकडी असते. चित्रातल्या प्रत्येक बिंदूचा रंग तिच्यावर ठिपका होऊन उमटतो. ठिपका कोणत्या दिशेला आहे यावरून रंग कळतो आणि केंद्रापासून किती लांब आहे यावरून त्याचा गडदपणा. लाल आणि पिवळ्याच्या मधे, घड्याळात अकरा वाजतात साधारण त्या दिशेला, एक रेघ असते. तिला स्किन लाइन म्हणतात. माणूस गोरा असो की सावळा, त्वचेचा रंग ठरतो रक्तातल्या हिमोग्लोबिनवर आणि मेलॅनिनवर. त्यामुळे पांढऱ्या उजेडात सगळ्यांचे ठिपके या रेघेच्या आसपासच पडतात. उजळ-काळेपणाचा फरक व्हेक्टरस्कोपवर दिसत नाही, त्यासाठी वेव्हफॉर्म हा वेगळा आलेख पाहावा लागतो.

आता समजा, स्टंट रात्री रस्त्यावरच्या पिवळ्या दिव्यांखाली चित्रित झाला आणि नायकाचा चेहरा स्टुडिओच्या पांढऱ्या उजेडात. फक्त गालावर मास्क लावून पाहिलं तर ठिपके बरोबर रेघेवर येतात. तोच मास्क मानेवर नेला की ठिपके पिवळ्याकडे झुकतात. इथे रेघेवर विसंबलं तर फसगत होते. चेहरा रेघेवर आहे म्हणून त्याला हात लावला नाही, तर जोड उघडा पडतो. दिव्यांचा पिवळेपणा हा त्या रात्रीचा खरा रंग आहे, म्हणून चेहऱ्यानेच मानेकडे जायला हवं.

आधी वेव्हफॉर्मवर गालाचा उजेड मानेच्या त्याच बाजूच्या उजेडाशी जुळवावा, कारण उजेड बदलला की ठिपक्यांचं केंद्रापासूनचं अंतरही बदलतं. मग फक्त चेहऱ्याची रंगछटा फिरवून दिशा जुळवावी आणि शेवटी सॅच्युरेशनने अंतर. ओठ आणि दाढी मास्कबाहेर ठेवावी, नाहीतर मोजमाप बिघडतं.

एवढं करूनही चेहरा मेणाचा वाटत असेल, तर ठिपक्यांच्या पुंजक्याचा आकार पाहावा. खऱ्या चेहऱ्यात नाक-गाल जास्त लाल आणि कपाळ पिवळसर असतं, म्हणून पुंजका पसरट दिसतो. बदललेला चेहरा अनेकदा गुळगुळीत होऊन येतो आणि त्याचा पुंजका अरुंद पडतो. सबंध चेहऱ्याचा रंग फिरवून ही उणीव भरत नाही. गालावर वेगळा मास्क घेऊन थोडी लाली परत आणावी लागते. मान वळते तिथल्या फ्रेम मात्र पुन्हा तपासाव्यात, कारण दिव्याची बाजू बदलली की आधीची जुळणी टिकत नाही.