सिसू : धैर्यापेक्षा वेगळा एक शब्द

सिसू हा फिनिश भाषेतला रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. अंगातली ताकद संपत आली, यशाची आशा मावळली, तरीही माणसाला पुढे रेटणारा जो हट्टी आतला जोर असतो, त्याला फिनलंडमध्ये सिसू म्हणतात. द्वैभाषिक कोशांत या शब्दापुढे चिकाटी, निर्धार, कणखरपणा अशा अर्थांची रांगच दिलेली असते. धैर्य हा अर्थही कधी कधी त्या रांगेत असतो. मात्र जाणकार अनुवादक सिसूसाठी एकटा ‘धैर्य’ हा शब्द ठेवायला सहसा तयार होत नाहीत. त्यामागची कारणे या शब्दाच्या मुळात आणि वापरात सापडतात.

सिसूचे मूळ आहे ‘सिसॅ’, म्हणजे आत. त्याच मुळापासून ‘सिसुस’ हा शब्द झाला. एखाद्या वस्तूच्या आत जे काही भरलेले असते, त्याला सिसुस म्हणतात. माणसाच्या किंवा जनावराच्या पोटातल्या आतडी, काळीज वगैरे अवयवांना मिळून वापरायचा शब्दही याच कुळातला आहे. सिसूचा जुना अर्थ त्यामुळे अगदी साधा होता : माणसाच्या आत जे आहे ते, म्हणजे त्याचा स्वभाव, त्याची प्रकृती. बिशप डॅनिएल युस्लेनिउस यांनी 1745 साली प्रसिद्ध केलेल्या फिनिश शब्दकोशात ‘सिसुकुंडा’ असा शब्द आहे. माणसाच्या शरीरात तीव्र भावना जिथून उसळतात ती जागा, असा त्याचा अर्थ दिला आहे.

हा जुना सिसू चांगला किंवा वाईट, कसाही असू शकत होता. त्याची खूण आजच्या भाषेतही शिल्लक आहे. ‘पाहान्सिसुइनेन’ या विशेषणाचा शब्दशः अर्थ ‘वाईट सिसूचा’, आणि ते खुनशी, कुजक्या स्वभावाच्या माणसाला लावतात. एखादी गोष्ट जिव्हारी लागली, संताप आला, तर ती ‘सिसूला लागली’ असे फिनिश माणूस म्हणतो. ‘सिसून्तुआ’ या क्रियापदात चिडणे आणि चिडून इरेला पेटणे हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. ज्या शब्दाच्या घरात खुनशीपणा, राग आणि ईर्षा यांचा वावर आहे, त्याला धैर्य म्हटले की तो एकदम स्वच्छ, उदात्त होऊन बसतो आणि त्याचा मूळचा कस निघून जातो.

वाक्यातला सिसूचा वापरही बोलका आहे. ‘त्याच्यात सिसू आहे’ असे म्हणताना फिनिशमध्ये जी विभक्ती येते, ती पाणी किंवा पीठ अशा मोजून न येणाऱ्या पदार्थांनाही लागते. म्हणजे सिसू हा आत साठलेला काहीएक ऐवज आहे. तो कमी असतो, जास्त असतो आणि संपूही शकतो. दुसरी रचना आणखी लक्षवेधी आहे : ‘माझा सिसू मला हार मानू देत नाही’. इथे कर्ता सिसू आहे. माणसाला थांबायचे असेलही, पण त्याच्या आतले काहीतरी त्याला थांबू देत नाही. धैर्य हे माणूस दाखवतो, एकवटतो, धरतो. सिसू मात्र माणसालाच धरून ठेवतो.

फिनिश भाषेत धैर्यासाठी शब्द नाही, असेही नाही. ‘रोह्केउस’ म्हणजे भीतीला न जुमानता पाऊल टाकण्याचे धैर्य आणि ‘उर्हेउस’ म्हणजे रणांगणावरचे शौर्य. पहिल्यांदा सभेत बोलायला उभे राहणारी मुलगी रोह्केउस दाखवते. तिला सिसू आहे असे सहसा कोणी म्हणणार नाही. दोन वर्षे आजारी माणसाची सेवा करून थकलेली, तरीही रोज पहाटे उठणारी बाई मात्र सिसूची मानली जाते. एकाच मजकुरात रोह्केउस आणि सिसू असे दोन्ही शब्द आले आणि अनुवादकाने दोघांनाही धैर्य म्हटले, तर लेखकाने काळजीपूर्वक केलेला भेद पुसला जातो.

हा भेद समजून घ्यायला 1972 सालच्या म्युनिक ऑलिंपिकमधली दहा हजार मीटरची शर्यत उपयोगी पडते. लासे विरेन हा फिनलंडचा 23 वर्षांचा पोलीस शिपाई या अंतिम शर्यतीत धावत होता. 25 फेऱ्यांच्या या शर्यतीतल्या बाराव्या फेरीत घोळक्यात त्याचा तोल गेला आणि तो ट्रॅकवर कोसळला. ट्युनिशियाचा मोहम्मद गमूदी त्याच्यात अडखळून पडला. गमूदी हा मागच्या ऑलिंपिकमध्ये पाच हजार मीटरचे सुवर्णपदक जिंकलेला कसलेला धावपटू होता. तोही उठला, पण लय परत सापडेना आणि थोड्याच वेळात त्याने शर्यत सोडली. विरेन उठला, पुढे गेलेल्या घोळक्याला त्याने हळूहळू गाठले आणि शर्यत जिंकली. वेळ होती 27 मिनिटे 38.4 सेकंद. रॉन क्लार्क यांचा 1965 सालचा विश्वविक्रम त्याने एका सेकंदाने मोडला होता. पुढच्या आठवड्यात पाच हजार मीटरचे सुवर्णपदकही त्याने मिळवले.

या प्रसंगात विरेनपुढे जिवाचा धोका नव्हता आणि भीतीवर मात करण्याचा प्रश्नही नव्हता. शर्यतीत उतरताना दोघांच्याही धाडसात फरक करता येणार नाही. प्रश्न होता तो पडल्यानंतरचा : श्वास बिघडला आहे, अंतर वाढले आहे, सोडून देण्याला सबळ कारण मिळाले आहे आणि कोणी नावेही ठेवणार नाही. त्या क्षणी जे उपयोगी पडले, त्याला फिनिश लोक सिसू म्हणतात. धैर्याची गरज बहुधा सुरुवातीला, उंबरठा ओलांडताना लागते. सिसूची गरज मध्यावर किंवा शेवटी, नेहमीचे बळ सरल्यावर लागते. अर्थात विरेनच्या पायांत अनेक वर्षांचा सराव होता. सिसू हा सरावाची जागा घेत नाही. सरावाने कमावलेले पणाला लावायची वेळ आली की तो कामी येतो.

धोका नसलेल्या सिसूचे आणखी एक उदाहरण फिनिश साहित्यात सर्वांना ठाऊक आहे. व्हाइनो लिन्ना यांच्या 1959 साली सुरू झालेल्या कादंबरीत्रयीच्या आरंभी युस्सी नावाचा कूळ-शेतकरी धर्मगुरूच्या मालकीच्या दलदलीत कुदळ घेऊन उतरतो. चर खणून, पाणी काढून तो त्या चिखलाचे शेत करतो. त्याला कोणी शत्रू नाही, बघणारेही कोणी नाही. वर्षानुवर्षे तेच काम पुढे चालू ठेवणे, एवढेच त्याच्यापुढे आहे. या कामाला धैर्य म्हणता येत नाही. पण युस्सी फिनिश वाचकांना सिसूचा नमुना वाटतो.

तरीही जगात सिसूचा अर्थ धैर्य असा पसरला, याला इतिहास कारणीभूत आहे. 30 नोव्हेंबर 1939 रोजी सोव्हिएत संघाने फिनलंडवर हल्ला केला. जेमतेम 37 लाख वस्तीच्या देशाने कडाक्याच्या थंडीत 105 दिवस झुंज दिली. ‘हिवाळी युद्ध’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या लढाईच्या बातम्या देताना परदेशी पत्रकारांना सिसू हा शब्द सापडला. जानेवारी 1940 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने, फिनलंडचा उलगडा करणारा शब्द म्हणून सिसूवर लेख छापला, त्याच महिन्यात ‘टाइम’ साप्ताहिकानेही त्याची ओळख करून दिली. युद्धाच्या बातम्यांतून आलेला हा शब्द वाचकांच्या मनात साहजिकच रणशौर्याला चिकटला. प्रत्यक्षात ‘टाइम’ने शौर्याच्या जोडीला आक्रमकपणा, चिवटपणा आणि इतरांनी सोडून दिल्यावरही लढत राहण्याची क्षमता यांचा उल्लेख केला होता. एकट्या शौर्याने भागत नाही, हे तेव्हाही लक्षात आले होते.

13 मार्च 1940 रोजी हे युद्ध फिनलंडच्या विजयाने संपले नाही. सुमारे एक दशांश भूभाग गमवावा लागला आणि चार लाखांहून अधिक माणसे घरदार सोडून उरलेल्या देशात आली. या निर्वासितांनी पुन्हा जमिनी कसल्या, घरे बांधली; फिनिश माणूस त्यालाही सिसूच म्हणतो. यश मिळाले की नाही, यावर सिसू ठरत नाही.

सिसूची दुसरी बाजूही अनुवादकाला सांभाळावी लागते. धैर्याचा अतिरेक झाला तर भाषा त्याला वेगळे नाव देते : अविचार, दुःसाहस. सिसूचा अतिरेक झाला तरी तो सिसूच राहतो. पाय दुखावला असताना धावत राहणारा, कर्जात बुडतानाही कोणाचा सल्ला न ऐकणारा, मदत मागणे म्हणजे हार असे मानणारा, ही माणसेही सिसूचीच. एमिलिया लाहती या फिनिश संशोधिकेने 2013 साली हजाराहून अधिक लोकांना सिसूविषयी प्रश्न विचारून अभ्यास सुरू केला. माणूस स्वतःची मर्यादा समजतो त्यापलीकडचा राखीव शक्तिसाठा, असे सिसूचे रूप त्यातून पुढे आले. पुढे 2022 साली लाहती आणि फिनिश मानसशास्त्रज्ञांनी सिसू मोजण्यासाठी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिचे दोन स्वतंत्र भाग आहेत : एक हितकारक सिसूचा आणि दुसरा अपायकारक सिसूचा. अपायकारक भागात विवेकाचे, स्वतःच्या प्रकृतीचे आणि इतरांचे नुकसान विचारात घेतले आहे.

मग अनुवादक काय करतात? इंग्रजीत ‘गट्स’ हा शब्द मुळाने सर्वांत जवळचा आहे, कारण तोही आतड्यांवरूनच आला. पण त्याचा झोक क्षणिक धाडसाकडे आहे. अलीकडचा ‘ग्रिट’ हा शब्द चिकाटीचा असला, तरी मानसशास्त्रात तो एका दूरच्या ध्येयाचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करण्याला वापरतात. सिसूला असे ध्येय लागतेच असे नाही. बर्फात रुतलेली गाडी बाहेर काढायलाही तो पुरतो. म्हणून अनेक अनुवादक मूळ शब्द तसाच ठेवतात आणि पहिल्या उल्लेखाच्या वेळी त्याचा अर्थ वाक्यातून उलगडतात. याल्मारी हेलांदेर यांच्या 2022 सालच्या चित्रपटाचे नावही परदेशात ‘सिसू’च राहिले.

दुसरा मार्ग वाक्यागणिक शब्द निवडण्याचा. मराठीत त्यासाठी चांगली सामग्री आहे. धावपटूच्या सिसूला ‘चिवटपणा’ किंवा ‘दम’, इरेला पेटलेल्याच्या सिसूला ‘जिद्द’, न ऐकणाऱ्याच्या सिसूला ‘हट्ट’, वाईट सिसूच्या माणसाला ‘खुनशी’. ‘जिगर’ हा शब्दही मुळात यकृताचा, म्हणजे पोटातल्या अवयवाचा. फक्त त्याचा रोख धाडसाकडे अधिक आहे. ज्या वाक्यात भीती आहे आणि तिच्यावर मात आहे, तिथे ‘धैर्य’ चालू शकते. बाकी ठिकाणी अनुवादकाने आधी पाहायला हवे की प्रसंगात धोका आहे, की केवळ संपत आलेले बळ. बळ संपत आले असेल आणि माणूस तरीही थांबत नसेल, तर मूळ मजकुरातला सिसू धैर्याचा नसून चिवटपणाचा असतो.